पंखा कॅमेऱ्यात उलटा का फिरतो? सॅम्पलिंगचे प्रमेय आणि एलियसिंग

सकाळी खोलीत भरपूर ऊन आलेले असताना छताच्या तीन पात्यांच्या पंख्याकडे मोबाइलचा कॅमेरा रोखावा, व्हिडिओ सुरू करावा आणि मगच पंख्याचे बटण दाबावे. रेग्युलेटर पाचवर असू द्यावा. पहिले काही सेकंद पडद्यावरचा पंखा प्रत्यक्षातल्या पंख्याप्रमाणेच सरळ फिरताना आणि वेग घेताना दिसतो. मग एका क्षणी तीनऐवजी सहा पाती जागच्या जागी थरथरत असल्यासारखी वाटतात आणि त्यानंतर पंखा उलट्या दिशेने फिरू लागतो. गंमत अशी की खरा पंखा जसजसा अधिक वेग घेतो, तसतसा पडद्यावरचा उलटा पंखा मंदावत जातो. डोळ्यांनी पाहावे, तर छताचा पंखा नेहमीच्याच दिशेने गरगरत असतो.

कॅमेऱ्यात कसलाही बिघाड झालेला नसतो. त्याने टिपलेले प्रत्येक चित्र खरे असते. तरीही खऱ्या चित्रांच्या त्या मालिकेतून खोटी गती तयार होते. ती कशी तयार होते हे नीट कळले, की डिजिटल तंत्रज्ञानाच्या मुळाशी असलेले सॅम्पलिंगचे प्रमेयही कळते, कारण ध्वनी, तापमान, हृदयाचे ठोके किंवा यंत्राचे कंपन आकड्यांत उतरवताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला 30 स्थिरचित्रे घेतो असे धरू. दोन चित्रांच्या मधल्या काळात काय घडले याची त्याच्याकडे कसलीही नोंद नसते. समजा पंखा मिनिटाला 400 फेऱ्या घेत आहे. एका फेरीत 360 अंश, म्हणजे सेकंदाला 2400 अंश, आणि त्याला 30 ने भागले तर दोन चित्रांमध्ये पंखा 80 अंश पुढे सरकतो. आता पंख्याची रचना लक्षात घ्यावी. तिन्ही पाती एकसारखी असून त्यांच्यात 120 अंशांचे अंतर असते. पंखा 80 अंश पुढे गेला, म्हणजे पहिल्या पात्याच्या मूळ जागेच्या 80 अंश पुढे एक पाते आले, पण त्याच वेळी त्याच्या मागचे पाते त्या मूळ जागेच्या 40 अंश मागे येऊन थांबले. चित्रात कोणते पाते कोणते हे लिहिलेले नसते. त्यामुळे दुसरे चित्र पाहणाऱ्यासमोर दोन अर्थ असतात: सगळी पाती 80 अंश पुढे गेली, किंवा सगळी पाती 40 अंश मागे आली. दोन्ही अर्थांनी चित्र तंतोतंत एकच येते. आपली नजर अशा वेळी जवळची वाट धरते आणि पंखा दर चित्रामागे 40 अंश मागे जात असल्याचे मान्य करते. चाळीस अंशांना तीसने गुणले, की सेकंदाला 1200 अंश होतात, म्हणजेच मिनिटाला 200 उलट्या फेऱ्या.

थरथरणारी सहा पातीही याच हिशेबातून येतात. पंख्याचा वेग मिनिटाला 300 फेऱ्या असतो तेव्हा दोन चित्रांमध्ये तो बरोबर 60 अंश सरकतो. साठ अंश म्हणजे दोन पात्यांमधल्या अंतराच्या अगदी निम्मे. इथे पुढची वाट आणि मागची वाट सारख्याच लांबीच्या होतात आणि दिशा ठरवायला काहीच आधार उरत नाही. एका चित्रात तीन पाती एका जागी, पुढच्या चित्रात त्यांच्या बरोबर मधल्या जागी, पुन्हा पहिल्या जागी, अशी अदलाबदल होत राहते आणि डोळ्याला सहा पाती भासतात. या सीमेच्या अलीकडे पडद्यावरचा पंखा खरा असतो, पलीकडे तो खोटा असतो.

ही सीमा नेमकी कशाची आहे हे समजून घेण्यासाठी एका पात्याच्या खालच्या बाजूला रंगीत कागदाची रुंद पट्टी चिकटवावी (अर्थातच पंखा बंद करून) आणि तोच व्हिडिओ पुन्हा घ्यावा. आता केवळ पट्टीवर नजर ठेवली, तर ती योग्य दिशेने जाताना दिसते, कारण पट्टी एकच आहे आणि तिचे दृश्य 120 अंशांनी नव्हे तर पूर्ण 360 अंशांनी पुन्हा तसेच होते. तिच्यासाठी निम्मे अंतर 180 अंशांचे, आणि ऐंशी अंश त्याच्या पुष्कळ आत आहेत. पंख्याचा वेग तोच, कॅमेरा तोच, तरी पट्टी सरळ आणि पाती उलटी. म्हणजे महत्त्वाचा प्रश्न ‘वस्तू किती वेगाने फिरते’ हा नसून ‘दृश्याची पुनरावृत्ती सेकंदाला किती वेळा होते’ हा आहे. मिनिटाला 400 फेऱ्या घेणाऱ्या पंख्यात पट्टीची पुनरावृत्ती सेकंदाला पावणेसात वेळांहूनही कमी होते, आणि पात्यांची 20 वेळा. सेकंदाला 30 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याची सीमा 15 आहे. पट्टी तिच्या आत बसते, पाती बसत नाहीत.

हे भान कारखान्यात जीव वाचवणारे ठरते. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चालणारी जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. लेथवर धातूचा तुकडा पकडून ठेवणारा चार जबड्यांचा चक मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला बरोबर 100 जबडे एकाच जागेवरून जातात आणि दर उजेडात प्रत्येक जबडा पुढच्याच्या जागी आलेला असल्यामुळे चक थांबलेला भासू शकतो. म्हणूनच अशा शेडमध्ये शेजारशेजारचे दिवे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत आहे, जेणेकरून सगळे दिवे एकाच क्षणी मंदावणार नाहीत.

आता प्रमेयाकडे येऊ. हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये तारायंत्राच्या संदर्भात या मर्यादेची मांडणी केली, सोव्हिएत रशियात व्लादिमिर कोतेल्निकोव्ह यांनी 1933 मध्ये तिला स्वतंत्रपणे प्रमेयाचे रूप दिले आणि क्लॉड शॅनन यांच्या 1949 च्या निबंधामुळे ती अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आली. प्रमेय असे सांगते: एखाद्या सिग्नलमध्ये अमुक एका वारंवारतेच्या वरचे काहीच नसेल, आणि आपण त्या वारंवारतेच्या दुपटीपेक्षा अधिक वेगाने, ठरावीक अंतराने त्याची मोजमापे घेतली, तर त्या मोजमापांवरून मूळ सिग्नल जसाच्या तसा परत उभा करता येतो. इथे ‘सिग्नल’ म्हणजे काळानुसार बदलणारी कोणतीही राशी, आणि एकेक मोजमाप म्हणजे ‘सॅम्पल’.

या वाक्यातला ‘जसाच्या तसा’ हा भाग अनेकांना पटत नाही, आणि तो पटणे आवश्यक आहे. पाठ्यपुस्तकात सॅम्पलिंगची आकृती बहुधा जिन्याच्या पायऱ्यांसारखी काढलेली असते, त्यामुळे डिजिटल ध्वनी म्हणजे खडबडीत, पायऱ्यापायऱ्यांचा ध्वनी अशी समजूत रुजते. वस्तुतः सॅम्पल हे केवळ बिंदू असतात, त्यांच्यामध्ये पायरी नसते. त्या बिंदूंमधून जाणारी आणि वारंवारतेच्या ठरलेल्या मर्यादेच्या वरचे काहीही नसलेली रेषा एकच असते. मर्यादेच्या आत राहण्याची अट रेषेला इतकी बांधून टाकते, की दोन बिंदूंच्या मध्ये तिला मनमानी वळणे घ्यायला मोकळीक उरत नाही. सॅम्पल अधिक दाट घेतल्याने मर्यादा वर सरकते आणि तिच्या वरचे अडवणारा फिल्टर बनवणे सोपे जाते, पण मर्यादेच्या आतला सिग्नल त्यामुळे अधिक गुळगुळीत होत नाही, कारण तो आधीच पूर्णपणे पकडला गेलेला असतो.

‘दुपटीपेक्षा अधिक’ हे शब्दही तसेच काटेकोर आहेत. अगदी दुप्पट चालत नाही, हे सहा पात्यांच्या थरथरीत आपण पाहिलेच. लाटेची सॅम्पल नेमक्या दुप्पट वेगाने घेतली आणि योगायोगाने प्रत्येक सॅम्पल लाट शून्यावरून जाताना घेतले गेले, तर हाती केवळ शून्यांची रांग येते आणि लाट होती याचाच पुरावा राहत नाही.

आणि अट मोडली तर? सिग्नलमध्ये मर्यादेच्या वरची लाट असेल, तर ती गायब होत नाही, वेष बदलून मर्यादेच्या आत येते. यालाच एलियसिंग म्हणतात. ‘एलियस’ला आपल्याकडे नेमका शब्द आहे तो ‘ऊर्फ’. पोलिसांच्या कागदपत्रांत एकाच माणसाची दोन नावे ‘ऊर्फ’ने जोडलेली असतात, इथे मात्र एकाच नावामागे अनेक माणसे उभी असतात. ध्वनीचे उदाहरण घेऊ. टेलिफोनच्या डिजिटल यंत्रणेत आवाजाची सॅम्पल सेकंदाला 8000 घेतली जातात, म्हणून तिथली सीमा 4000 हर्ट्झ. तिथे 5000 हर्ट्झचा एक शुद्ध सूर पोहोचला असे समजू. दोन सॅम्पलांच्या मध्ये त्या लाटेचे एका आवर्तनाचे पाच अष्टमांश पूर्ण होतात. निम्म्याहून जास्त पुढे जाणे आणि तीन अष्टमांश मागे येणे यांत बिंदूंना फरक कळत नाही. पंख्याचे 80 अंश पुढे आणि 40 अंश मागे होते, तसेच हे. परिणामी आकड्यांत उमटतो तो 3000 हर्ट्झचा सूर. संगणकावर हे पाहायचे असेल तर पायथनमध्ये चार ओळी पुरतात:

```python
import numpy as np
n = np.arange(16)
a, b = [np.cos(2*np.pi*f*n/8000) for f in (3000, 5000)]
print(np.allclose(a, b))
```

उत्तर `True` येते. दोन वेगळ्या सुरांची सोळाही सॅम्पल एकसारखी आहेत, आणि सोळाऐवजी सोळा लाख घेतली तरी ती एकसारखीच राहतील.

या निकालाचा परिणाम खोलवर जातो. एकदा सॅम्पल घेतल्यानंतर कोणतेही गणित, कितीही हुशारीने लिहिलेले सॉफ्टवेअर, केवळ त्या आकड्यांवरून सांगू शकत नाही की मूळ सूर 3000 चा होता की 5000 चा. आकडे खराब झालेले नसतात, म्हणून ते दुरुस्तही करता येत नाहीत. त्यामुळे बंदोबस्त करायचा तो सॅम्पल घेण्याच्या आधी, सिग्नल अजून तारेतला विद्युतदाब असतानाच, करावा लागतो. मर्यादेच्या वरच्या वारंवारता अडवणारी ही गाळणी म्हणजे अँटी-एलियसिंग फिल्टर. पीठ चाळून घ्यायचे ते मळण्याआधी, कणीक तिंबून झाल्यावर कोंडा वेगळा काढता येत नाही.

गाळणीची किंमत मात्र मोजावी लागते. साध्या टेलिफोनमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज पुढे जाऊ दिला जातो. ‘स’ या उच्चारातली पुष्कळ ऊर्जा 4000 हर्ट्झच्या वर असते, ती या गाळणीत अडकते, आणि म्हणूनच फोनवर अपरिचित नाव ऐकताना ‘स’ आणि ‘फ’ यांत गफलत होऊन अक्षरे फोडून सांगावी लागतात. तरीही हा व्यवहार रास्त आहे असे माझे मत आहे. गाळलेला ‘स’ अस्पष्ट ऐकू येतो, पण न गाळलेला ‘स’ खालच्या वारंवारतांमध्ये कुठेही येऊन पडला असता आणि ज्या स्वरांशी त्याचा संबंध नाही त्यांनाही त्याने बिघडवले असते.

शिवाय कोणतीही खरी गाळणी भिंतीसारखी सरळसोट नसते, तिला उतार असतो. टेलिफोनमध्ये 3400 ते 4000 ही जागा त्या उतारासाठीच सोडलेली आहे. कॉम्पॅक्ट डिस्कमध्येही माणसाला ऐकू येणाऱ्या 20,000 हर्ट्झची दुप्पट, म्हणजे 40,000, न घेता सेकंदाला 44,100 सॅम्पल घेतली जातात. त्यातला नेमका 44,100 हा आकडा मात्र ध्वनिशास्त्रातून आलेला नाही. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असत. एका ओळीत तीन सॅम्पल, एका पडद्यात वापरण्याजोग्या 245 ओळी आणि सेकंदाला 60 पडदे, असा गुणाकार केला की हा आकडा मिळतो. युरोपीय पद्धतीच्या 294 ओळी आणि 50 पडद्यांचा गुणाकारही तोच येतो, हे त्याच्या बाजूने पडलेले आणखी एक माप.

ध्वनीतले एलियसिंग निदान कानाला खटकते. मोजमापाच्या कामात ते अगदी साळसूद रूप घेऊन येते, आणि त्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पाण्याच्या एका टाकीचे तापमान 40 अंशांवर स्थिर ठेवायचे होते आणि सेन्सरचे वाचन मायक्रोकंट्रोलरने दर सेकंदाला एकदा नोंदवायचे होते. आलेखावर तापमान सुमारे 20 सेकंदांच्या संथ लाटेत वरखाली होत होते. हीटर चालू-बंद होत असावा, अशी माझी पहिली समजूत झाली. हीटर पूर्ण बंद केला, तरी लाट तशीच राहिली. टाकीत कित्येक लिटर पाणी होते, इतके पाणी दहा सेकंदांत तापून पुढच्या दहा सेकंदांत निवणे शक्य नाही, हा विचार मला त्याच वेळी सुचायला हवा होता. मग एका मिनिटाच्या वाचनांची सरासरी काढून पाहिली. लाट गेली, पण गार पाणी ओतल्यावर तापमानात होणारा खरा बदलही त्या सरासरीत पुसला गेला.

सेन्सरची लांब तार विजेच्या तारेला लागून नेलेली होती, त्यामुळे तिच्यात विजेची गुणगुण मिसळत होती. भारतात विजेची वारंवारता 50 हर्ट्झच्या आसपास असते, पण ती क्षणोक्षणी किंचित हलत राहते. ती 49.95 असेल, तर एका सेकंदात 49 पूर्ण आवर्तने होतात आणि पन्नासावे जेमतेम अपुरे राहते. सेकंदाला एकदाच डोकावणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला ती लाट दर वेळी आवर्तनाच्या विसाव्या भागाइतकी मागे सरकलेली दिसते, आणि वीस सेकंदांत तिची एक फेरी पूर्ण होते. दुपारी कधी ही लाट 33 सेकंदांची होई, ते 49.97 हर्ट्झचे चिन्ह होते. म्हणजे माझा तापमानाचा आलेख नकळत विजेच्या वारंवारतेचा आलेख बनला होता.

खात्री करून घेण्याचा मार्ग सोपा आणि सगळीकडे उपयोगी पडणारा आहे: सॅम्पल घेण्याचे अंतर थोडे बदलावे. मी ते 1 सेकंदावरून 1.003 सेकंद केले. केवळ तीन हजारांश सेकंदांच्या त्या फरकाने वीस सेकंदांची लाट दहा सेकंदांच्या जवळपास आली. पाण्याला मायक्रोकंट्रोलरचे वेळापत्रक ठाऊक नसते. जी लाट सॅम्पलिंगचे अंतर बदलताच आपला वेग बदलते, ती खरी लाट नसून कोणाची तरी ऊर्फ असते. पंख्यावरही हाच प्रयोग करता येतो. सेकंदाला 30 ऐवजी 24 चित्रे घेतली, तर 400 फेऱ्यांचा तोच पंखा मिनिटाला 200 ऐवजी केवळ 80 उलट्या फेऱ्या घेताना दिसतो. पहिल्या व्हिडिओवरून खरा वेग 400, 1000, 1600 यांपैकी काहीही असू शकतो, दुसऱ्यावरून 400, 880, 1360 यांपैकी काहीही. दोन्ही यादींत जुळणारा आणि घरगुती पंख्याला शक्य असलेला आकडा 400 हा एकच. साठ चित्रांच्या सेटिंगवर पंखा दोन चित्रांमध्ये 40 अंशच सरकतो आणि मुकाट्याने सरळ फिरताना दिसतो.

टाकीच्या बाबतीत उपाय दोन पायऱ्यांत केला. दर सेकंदाला एक वाचन घेण्याऐवजी एक हजारांश सेकंदाच्या अंतराने सलग 20 वाचने घेऊन त्यांची सरासरी नोंदवली. वीस हजारांश सेकंद म्हणजे विजेचे एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे गुणगुणीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून टाकतात. अचूक मल्टिमीटरही याच कारणासाठी आपले वाचन विजेच्या पूर्ण आवर्तनांवर पसरवतात. आधीच्या मिनिटभराच्या सरासरीत आणि हिच्यात मोठा फरक आहे. तेव्हा गुणगुण आधीच संथ लाट होऊन बसली होती, आता ती सेकंदाला हजार वाचनांच्या जाळीत पन्नास हर्ट्झ म्हणूनच पकडली जात होती आणि म्हणून नेमकी काढता येत होती.

हजार वाचनांच्या जाळीचीही मर्यादा आहे, ती 500 हर्ट्झची. त्याच्या वरच्या खरखरीसाठी सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर यांच्या मध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. ही गाळणी सुमारे 160 हर्ट्झपासून अडवायला लागते. तिचा उतार सौम्य आहे, 1000 हर्ट्झची खरखर ती साधारण सहापटींनीच कमी करते, पण त्या टाकीसाठी तेवढे पुरले. दुसऱ्या दिवशीच्या आलेखात संथ लाटेच्या जागी जवळजवळ सपाट रेषा होती, आणि गार पाण्याचा तांब्या ओतला त्या जागी तिच्यात एक स्पष्ट, एकटी खाच उमटलेली होती.